गिळायला शिकवणारा

मेघा पुलगावच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. 'नीट' हुकलेल्या ईराला तिने कालच बजावलं होतं, "पुन्हा दे, नाहीतर नर्सिंग कर. दुसरं आहे काय?"

आज तिचा जुना विद्यार्थी रुपेश बारावीच्या वर्गाशी बोलायला आला होता; ईराही ऐकायला येऊन बसली होती.

"मी डॉक्टर नाई, नर्सही नाई," तो हसला. "बारावी सायन्सनंतर स्पीच थेरपीचा चार वर्षांचा कोर्स केला. लकवा मारला की कधी कधी पाणी श्वासनळीत जाते. आम्ही गिळणं तपासतो, पाणी घट्ट करून देतो, पेशंटले पुन्हा गिळायला शिकवतो."

"अन् ठसका लागला तर, सर?" ईराने विचारलं.

"लगेच थांबायचं. पुढचा चमचा द्यायचाच नाही."

मेघा सुन्न झाली. उन्हाळ्यात लकवा झालेल्या आईला प्रत्येक ठसक्यानंतर तिनेच चहाचा पुढचा चमचा भरवला होता. "हळू पी, आई." दहाव्या दिवशी न्यूमोनियाने आई गेली. गिळायला शिकवणारं माणूस असतं, हे जीवशास्त्राच्या बाईंनाही ठाऊक नव्हतं.

"मॅडम, मी हे करू काय?" ईरा विचारत होती.

मेघाने रुपेशजवळची खुर्ची तिच्यासाठी पुढे ओढली.

"काल मी चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "बस त्याच्याजवळ. सगळं विचारून घे."