उघडं दार

सराव परीक्षेचे पेपर तपासताना पद्मजा मॅडम काजलच्या पेपरापाशी थांबल्या. उंद्रीहून रोज बसने येणारी, वर्गातली सगळ्यांत जास्त वाचणारी पोरगी. आणि तिने नेमलेल्या कादंबरीच्या नायिकेवरचा प्रश्न कोराच सोडला होता. बाकी वर्गाने तो सोडवला होता. मॅडमच्या नमुना उत्तराप्रमाणे, शब्दाला शब्द. परीक्षेत पुस्तक जवळ ठेवता येत नाही, म्हणून मॅडम दरवर्षी उत्तरांसोबत अवतरणांची टिपणंही देत. यंदाही पोरांनी ती घोकून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काजलला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"हा प्रश्न का सोडलास?"

काजल ओढणीशी चाळा करत राहिली. "मॅडम, पुस्तकात वेगळं हाय. तुमच्या टिपणात 'दार बंद होतं, म्हणून मी गेले नाही' असं हाय. पुस्तकात 'दार उघडं होतं, तरी मी गेले नाही' असं हाय. तुमचं लिहिलं तर खोटं. माह्यं लिहिलं तर मार्क जातीन."

मॅडमनी ग्रंथालयातून पुस्तक आणवलं. काजलचं बरोबर होतं. कधीतरी आठवणीतून उतरवलेली एक ओळ, आणि तिच्यावर उभं केलेलं पाच पानांचं उत्तर: नायिकेची अगतिकता. अगतिक कुठली? ती तर आपल्या मनाने राहिली होती. मॅडमना एकदम फार थकल्यासारखं झालं.

विभागप्रमुख मार्तंड सर शेजारीच बसले होते. "राहू द्या हो," ते म्हणाले. "परीक्षा तोंडावर आली. तपासणारा काय पुस्तक उघडून बसणार आहे?"

त्यांचंही खोटं नव्हतं. तरीही मॅडम वर्गात गेल्या आणि फळ्यावर खरी ओळ लिहिली.

"माझं चुकलं होतं. हे उत्तर खोडा."

वर्गात कुरकुर उठली. "मॅडम, आता नवीन पाठ करावं लागते का?" मागून गोपाल म्हणाला.

"नवीन उत्तर मी देणार नाही. ही ओळ वाच आणि सांग, ती का गेली नाही?"

पोरं फळ्यावरची ओळ पुन्हा वाचू लागली. मग गोपालच पुटपुटला, "तिले जायचंच नसंल."

"मग तेच लिही. ओळ छोटी आहे, तेवढी नेमकी लक्षात ठेव. नाही आठवली, तर अवतरणचिन्ह देऊ नको, अर्थ आपल्या शब्दांत सांग."

परीक्षेत प्रश्न आला: नायिकेच्या निर्णयामागची भूमिका स्पष्ट करा.

पेपर सुटल्यावर मॅडम फाटकापाशी उभ्या होत्या. गोपाल ओशाळून म्हणाला, "मॅडम, खरी ओळ टाकली, पण हात जुनंच उत्तर लिहीत गेला. अगतिकताच आली."

मॅडमना हसू आलं, पण ओठांपर्यंत पोचलं नाही. किती जणांचं असं झालं असेल, हे त्यांनी विचारलं नाही.

काजल शेवटी आली. बोटं शाईने माखली होती.

"लिहिलंस?"

"हाव मॅडम. पुरवणी घ्या लागली." आणि ती बस पकडायला पळाली.