फुग्यात मावलेला ससा

बाबांनी त्या फ्रेंच चित्रकथेचे सतरा भाग इंग्रजीत आणले. अठरावा, शेवटचा भाग आला तोवर त्यांचे शब्द हरवायला लागले होते, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. संपादकबाई म्हणाल्या, "संवादाचा एक फुगा जरी त्यांनी केलेला असला, तरी मुखपृष्ठावर त्यांचं नाव घालू." मला ते नाव हवंच होतं.

अडलं नवव्या पानावर. नायक बाकावर मैत्रिणीची वाट बघतोय, शेजारी ससा. फ्रेंचमध्ये कुणाला ताटकळत ठेवून भेटीला न येणं म्हणजे 'ससा ठेवणं'. इंग्रजीत ससा आला कुठून? आणि फुगा एवढासा, तीन ओळींचा. मी साठ ओळी खरडल्या. सगळ्या पाणचट.

रविवारी बाबांना भेटायला उशिरा पोचले. मी ठेवून गेलेलं नववं पान ते मांडीवर घेऊन बसले होते. मला बघून इंग्रजीतच म्हणाले, "ॲट लीस्ट सम बनी केम." निदान कुणीतरी आलं! 'समबडी'तला 'बडी' काढून त्यांनी 'बनी' म्हणजे ससा बसवला होता. मी रडले, हसले, पुन्हा रडले.

फुग्यांत अक्षरं बसवणाऱ्याला आम्ही फुगेवाला म्हणतो. त्याने ओळी पाडल्या. "मधली लांब आहे, पण फुगा मध्येच रुंद असतो. ताई, चपखल!"

बाबांचा नियम होता, आधी शेवटचं पान वाचायचं. घाईत मी तो धाब्यावर बसवला होता. मंगळवारी चव्वेचाळिसावं पान उघडलं. म्हाताऱ्या नायकाची रिकामी खुर्ची, खुर्चीवर ससा. शब्द एकही नाही. म्हणजे आता तोही येणार नाही. पण नवव्या पानावर बाबांची ओळ वाचून आलेल्याला इथे उलटंच कळणार, की निदान कुणीतरी आलं.

"इथे एक ओळ घालता येईल?" मी फुगेवाल्याला विचारलं.

"कुठे घालू? फुगाच नाही. पुस्तक पाच भाषांत निघतं, रंगीत चित्र सगळ्यांना एकच छापतात. आपली फक्त फुग्यातली काळी अक्षरं."

संपादकबाईंना मी स्वतःच फोन केला. त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुमच्या बाबांनी काय केलं असतं?"

तेच तर ठाऊक होतं मला. त्यांनी स्वतःची ओळ खोडली असती. मी खोडली आणि लिहिलं, "शी नेव्हर केम." ती आलीच नाही. तीन शब्द, फुग्यात ऐसपैस. मुखपृष्ठावर माझं एकटीचं नाव गेलं.

पुढच्या रविवारी छापील पान त्यांच्यापुढे धरलं. आपण काय सुचवलं होतं ते त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी फुग्यावरून बोट फिरवलं, मग चित्रावरून.

"छान बसलंय," म्हणाले. "पण इथे ससा कशाला गं?"