काळ्या पॉलिशखालची पिवळी खूण

आयुधपूजेला यंत्रांना सुट्टी असते. यंत्रांची दुखणी निस्तरणाऱ्या माणसाला नसते. कल्याणराम ओरत्तनाडूच्या रस्त्यावरच्या साइटवर पोचला तेव्हा त्याचे गुडघे ठणकत होते आणि मन घरच्या खाटेवरच राहिलं होतं. जुना कालव्यावरचा पूल पाडून नवा बांधायचं काम चाललं होतं. यंत्रांचे टायर सांभाळणं ही त्याची नोकरी. टायर रोज तपासा, असं एवढी वर्षं सांगून सांगून तोंड दुखलं, पण ऐकणारा कान काही सापडला नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

आत शिरला आणि थबकलाच. भला मोठा लोडर आरशासारखा चमकत होता. धुतलेला, पुसलेला, दर्शनी काचेवर झेंडूची माळ, आणि चारही टायरना काळंभोर पॉलिश. प्रत्येक टायरवर चंदनाचा पट्टा आणि मधोमध कुंकू.

"बघा मामा, कसा नवरदेव केलाय!" प्रवीणकुमार शिडीवरून उतरत म्हणाला. हा त्याच्या बहिणीचा मुलगा, लोडरचा ऑपरेटर. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, जयश्रीनं, काल दिवसभर खपून ही सजावट केली होती.

कल्याणराम हसला नाही. तो पुढच्या उजव्या टायरकडे बघत होता. तिथं पिवळ्या रंगाच्या दोन खुणा असायला हव्या होत्या. पाडलेल्या पुलाच्या काँक्रीटमधून गंजक्या सळ्या बाहेर आलेल्या. त्या ढिगाऱ्यावरून लोडर फिरला तेव्हा एका सळीनं टायरची बगल, म्हणजे बाजूची रबरी भिंत, चिरली होती. चीर त्यानंच पाहिली, बोथट टोचणीनं आत चाचपली. टायरला ताकद देणारे आतले दोरे दिसत नव्हते, म्हणून चिरेच्या दोन्ही टोकांना पिवळी खूण करून ठेवली. मागच्या एका टायरलाही बारीक चीर होती, तिलाही तशीच. खुणेच्या आत आहे तोवर चालवायचं. खूण ओलांडली, दोरे दिसले किंवा बगल फुगली, की टायर उतरवायचा. रोज सकाळी, टायर थंड असताना, हवा मोजायची आणि खुणा बघायच्या. अवघड काहीच नाही, फक्त रोज करायला हवं. आणि आता खुणाच पॉलिशखाली गेल्या होत्या.

"प्रवीण, माझी खूण कुठं गेली रे?"

"खूण? ती पिवळी? घाण दिसत होती मामा. पूजेच्या दिवशी तसलं ठेवतात होय?"

चूक म्हणावी तर प्रेमापोटी केलेली. कल्याणरामनं गेज लावून हवा मोजली. बरोबर होती, अगदी जितकी हवी तितकी. क्षणभर त्याला सुटल्यासारखं वाटलं. हवा ठीक, टायर ठीक, असं मानून मागं बाकड्यावर जाऊन बसावं, प्रसादाच्या उकडलेल्या चण्यांचं सुंडल खावं, घरी जाऊन झोपावं. पूजेची एक फेरी तर मारायची आहे लोडरला. पण हवा बरोबर असणं म्हणजे टायर बरा असणं नव्हे, हे त्याला ठाऊक होतं. आतलं रबर शाबूत असलं की शेवटच्या घटकेपर्यंत हवा धरून ठेवतं. बाहेर मात्र दोरे एकेक करून तुटत असतात.

तेवढ्यात बाळकृष्णराव आले. हे साइटचे मॅनेजर, राजवाड्याच्या गल्लीतल्या जुन्या मराठी घरातले, इतरांशी तमिळ पण कल्याणरामशी घरच्या मराठीत बोलणारे. "चला, चला, असके जमलेत, कुणी राहिलं नाही. यंदा लिंबू सूनबाई ठेवील. नवं लग्न, तिचाच मान."

जयश्री पुढं झाली. नवी रेशमी साडी, हातात चार लिंबं. एकेका चाकाखाली लिंबू ठेवायचं, मग प्रवीण लोडर पुढं घेणार, लिंबं चिरडणार, टाळ्या वाजणार. दरसालची रीत. ती पुढच्या उजव्या चाकापाशी आली आणि पदर सावरून खाली वाकू लागली. तिचं डोकं थेट टायरच्या बगलेसमोर.

"थांब!"

कल्याणराम असा ओरडला की कुणीतरी दचकून आरतीचं ताट खाली ठेवलं. जयश्री पाठीमागं सरली. तिचा चेहरा उतरला.

"मामा, काय हे?" प्रवीणचा आवाज चढला. "असक्यांसमोर तिला ओरडता?"

"बगल पुसून बघायचंय मला."

"पुसून? चंदन लावलंय, कुंकू लावलंय! अपशकुन करताय होय? हवा तर आत्ताच मोजलीत तुम्ही!"

बाळकृष्णरावांनीही घड्याळाकडे बघत म्हटलं, "कल्याणराम, उद्या बघ की निवांत. एक फेरी तर आहे."

त्यांनी तेच म्हणावं जे तो स्वतःशी म्हणाला होता, याचा कल्याणरामला राग आला. सगळे त्याच्याकडे असे बघत होते, जणू लग्नात त्यानंच अक्षता उधळायच्या थांबवल्या. तो थकला होता. वाद घालायचं बळ नव्हतं, म्हणून त्यानं वाद घातलाच नाही. सगळ्यांना मागं सारलं, घासलेटात चिंधी भिजवली, आणि बगलेच्या समोर न बसता, फुटली तर झोत अंगावर येऊ नये म्हणून, घेराच्या बाजूला उभा राहून हात लांबवून पुसू लागला.

चीर कुठं होती हे त्याला व्हॉल्व्हवरून आठवत होतं: व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूला. पॉलिश उतरलं, चंदन उतरलं. पहिली पिवळी खूण उगवली, मग दुसरी. आणि चीर दुसऱ्या खुणेच्या पुढं अंगठाभर गेली होती. तिच्या पोटात पांढरे दोरे दिसत होते, काही तुटून पिंजारलेले. शेजारी बगल गरम पुरीसारखी टम्म फुगली होती. कुंकवाचा टिळा नेमका त्या फुगीवर लागला होता. लावणाऱ्याला ती जागा छान गोल वाटली असणार.

कल्याणरामनं माणसांना आणखी मागं, बाकड्यांच्याही पलीकडं पाठवलं. मग त्याच बाजूला उभा राहून व्हॉल्व्हची पिन काढली. हवा फुत्कारत सुटली, खूप वेळ सुटत राहिली. लोडर त्या कोपऱ्यात हळूहळू खाली बसला. फुगी आत गेली आणि तिथं सुरकुतलेलं रबर तेवढं राहिलं.

"चालवताना फुटला असता?" बाळकृष्णरावांनी हळू विचारलं.

"कधी, ते सांगता येत नाही राव. आज, उद्या, ढिगारा उचलताना. किंवा उभ्या उभ्या."

जयश्री हातातल्या लिंबांकडे बघत होती. "मी तिथंच बसणार होते," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही.

प्रवीणनं लोडरची किल्ली काढून खिशात टाकली. माफी नाही, आभार नाहीत. पूजा उरकली ती दुसऱ्या, लहान यंत्रापुढं, घाईघाईनं. लोक चुरमुरे घेऊन पांगले. कल्याणराम बाकड्यावर बसला आणि बूट काढून पाय चोळू लागला. आपण बरोबर ठरलो याचा आनंद व्हायला हवा होता, पण त्याला नुसती झोप येत होती.

मागं घासलेटाचा वास आला. प्रवीण मागच्या टायरपाशी उभा होता, समोर नाही, घेराच्या बाजूला. नवा शर्ट काढून ठेवलेला. काल दिवसभर खपून लावलेलं पॉलिश तो चिंधीनं पुसून काढत होता. एक टायर झाला, मग दुसरा. चंदन ओघळून त्याच्या कोपरापर्यंत आलं होतं. जयश्री मागं उभी राहून चिंध्या भिजवून देत होती.

"मामा," तो वळून न बघता म्हणाला, "इथंबी तुमचं पिवळं हाय. चीर खुणेच्या आतच हाय. बघून सांगा."

कल्याणराम उठला. गुडघे ठणकतच होते.