टोनर सेव्ह आणि आप्पांचा चेहरा

आमच्या मोठ्या भावजींच्या ऑफिसातला प्रिंटर त्यांच्याच हुकमावर चालतो. स्टेशनरीचं खातं त्यांच्याकडे. तिथल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर त्यांनी टोनर सेव्हची, म्हणजे छपाईची काळी पावडर वाचवायची, खूण करून ठेवलीय आणि ती कोणी काढली, की त्याची खैर नसते. खोटं कशाला बोलू, त्यात चूक काही नव्हती. पत्रं, मसुदे, ऑफिसातल्या ऑफिसात फिरणारे कागद तसे जरा करडे येतात, पण नेहमीच्या आकाराची काळी अक्षरं आरामात वाचता येतात आणि कार्ट्रिज बरंच जास्त पुरतं. साहेबांनी पाठ थोपटली. तेव्हापासून भावजी घरातही दिवे विझवत फिरायचे.

माझे सासरे, म्हणजे भावजींचे वडील, आप्पा, हल्ली घरचा पत्तासुद्धा विसरायचे. एका दुपारी दार उघडं राहिलं आणि ते घरातल्या चपलांवर निघून गेले. पोलिसांत कळवून झालं, नातेवाइकांना फोन झाले. मग फोटोसकट हरवल्याची जाहिरात भिंतींवर चिकटवायची ठरली. सुट्टी होती, पण भावजींकडे ऑफिसची किल्ली असते. मी त्यांच्याबरोबर गेले.

आप्पांच्या डाव्या भुवईवर जुनी खोक आहे, चांगली ठसठशीत. ती मजकुरात घाला म्हटलं, तर भावजी म्हणाले, फोटोत दिसतेच आहे, उगाच गर्दी नको. वय, बांधा, सदऱ्याचा रंग आणि फोन नंबर एवढंच त्यांनी ठेवलं. कागद बाहेर आला. अक्षरं ठीक होती. आप्पांचं कपाळ मात्र कागदाच्या पांढऱ्यात विरघळलं होतं. फोटोतला करडा रंग बारीक ठिपक्यांचा असतो. त्यातलीच पावडर कमी पडली, की जे आधीच फिकट आहे ते पहिलं जातं.

"भावजी, चेहरा पुसट आलाय."

त्यांनी कागद ट्यूबलाइटखाली धरला. डोळे रडून लाल झाले होते. "मला आप्पा दिसतायत. तुला नाही दिसत?"

दिसत होते. घरच्या माणसाला नुसती पाठ दिसली तरी पुरते. मी हो म्हटलं. खूण काढायचं त्यांच्या मनातही आलं नाही. सवय अशी हाडीमाशी खिळलेली.

ऑफिसच्या मशीनवर घरचं काम फार नको, म्हणून तो एकच कागद घेऊन आम्ही कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. मूळच फिकं आहे, असं तोही म्हणाला. त्याने गडद करून पाहिलं, तर सगळा कागदच मळकट झाला, नंबर वाचेना. मग साध्या सेटिंगवरच प्रती काढल्या. ते मशीन फिकट करड्याला कागदावरचा मळ समजून साफ करतं. प्रती आल्या तेव्हा चष्मा, नाकपुड्या आणि सदऱ्याची कॉलर उरली होती. अंधार पडत आला होता. आम्ही खळ घेऊन धावलो.

आप्पा सापडले ते तिसऱ्या दिवशी सकाळी, बसडेपोच्या मागच्या बाकावर, थंडीने आखडून गेलेले. बाकाच्या वरच्या भिंतीवर आमचाच कागद होता. मी स्वतः चिकटवलेला. काखेत कळसा म्हणतात ना, तसं. फक्त त्या म्हणीत कोणी मरत नाही.

डेपोतल्या चहावालीने त्यांना येता-जाता चहा पाजला होता, स्वतःची शालही दिली होती. भावजी तिच्यावरच धावून गेले. डोक्यावर कागद लावलाय, नंबर लिहिलाय, एक फोन करता आला नाही?

बाई घाबरली नाही. "नंबर वाचला की. पण त्यात माणूस कुठे होता? इथे सडपातळ म्हातारे पायलीचे पन्नास बसतात. भुवईवरची खोक दिसली असती, तर त्याच दिवशी फोन केला असता."

भावजी तिथेच खाली बसले. मला त्यांचा राग आला होता, अजून आहे. पण त्या क्षणी त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

निधनाची सूचना बिल्डिंगच्या फाटकावर लावायची होती. पुन्हा तेच ऑफिस, तोच फोटो. भावजींनी प्रिंटच्या खिडकीत प्रॉपर्टीज उघडल्या आणि टोनर सेव्हची खूण काढली. एका क्लिकचं काम. तेच मशीन, तेच कार्ट्रिज. कागद बाहेर आला तो काळाभोर, कपाळावरच्या आठ्या, चष्म्याच्या काड्या, भुवईवरची खोक, सगळं जिथल्या तिथे.

वरातीमागून घोडं. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं.

भावजींनी कागद दोन्ही हातांत धरला.

"आता कोणीही ओळखेल," ते म्हणाले.