भिंतीवरच्या फोटोचा दुसरा अर्धा

"माय, तिले हास म्हनू नको. हास म्हनलं का तिचं तोंड बंद होते. तू बोलत राह्य, ते आपोआप हासते."

माझ्या मुलाचं, योगराजचं, हे बोलणं मला अजून त्याच आवाजात ऐकू येतं. सालेकशाजवळच्या धबधब्यावर आम्ही गेलो होतो. त्याने मोबाइल माझ्या हातात दिला आणि बायकोच्या, नीतूच्या, खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. मी बोलत राहिले. हा लहानपणी म्हशीच्या पाठीवर निजला होता आणि म्हैस त्याला घेऊन दुसऱ्याच गावच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली होती, ते सांगितलं. नीतूने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि अशी हसली, की मी कुठलं बटण दाबलं मलाच कळलं नाही. फोटो मात्र निघाला.

वर्षभरातच हायवेवर ट्रकने त्याच्या गाडीला उडवलं. तेराव्याला लावायला फोटो हवा होता. दुसरा बरा फोटो नव्हता म्हणून स्टुडिओवाल्याने तोच मधून कापला आणि योगराजचा अर्धा चौकटीत बसवला. त्याचा उजवा हात चौकटीच्या कडेपर्यंत जातो आणि तिथेच संपतो. रोज सकाळी मी तुळशीला पाणी घालते, त्या फोटोपुढे दिवा लावते, आणि दिवा लागेपर्यंत कोणाशी बोलत नाही. तो गेल्यापासून माझं हे व्रत आहे.

त्या रविवारी दुपारी नीतूची धाकटी बहीण अंजू गोंदियाहून आली. तिथे तिचं ब्यूटी पार्लर आहे. आल्याआल्या सतरंजीवर बसून तिने नीतूचा मोबाइल मागितला.

"मावशी, तुम्ही पन बसा. आज दीदीचा फोटो फायनल करायचा आहे."

कशाचा फोटो ते मला ठाऊक होतं. डेटिंगचं ॲप. हा शब्द उच्चारायला मला अजून जड जातं. लग्नाच्या साइटवर का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. नीतू म्हणाली होती, "तिथं पयले जात, पगार, जमीन इचारतात. इथं पयले बोलता येते, आई." मला ते पटलं. ती तिशीतली बाई. सडक अर्जुनीच्या दवाखान्यात लॅबचं काम करते आणि घरी येऊन आमचंही करते. तिने उरलेली उमर आमच्या गोळ्या मोजण्यात घालवावी, असं मला किंवा ह्यांना कधी वाटलं नाही.

पण महिन्याभरापूर्वी एक गोष्ट झाली होती. अंजूने ॲपवर नीतूचा एक गोरागोरा फोटो लावला होता. त्यावरून बालाघाटचा एक माणूस तिला भेटायला गोंदियाला आला. चहा मागवायच्या आधीच म्हणाला, "फोटो में तो आप अलग दिखती हैं." नीतू घरी आली आणि जेवली नाही. आता तिने सांगून टाकलं होतं, "आज खरा फोटो सापडला त ठीक. नाही त मी हे बंद करते, अंजू. मंग मले कोनी काही म्हनू नका."

तेवढ्यात आमचे हे, मनिरामजी, दारातून म्हणाले, "बैल घेताना आमी दात पायतो. तुमी बी दातच पाहून राहिल्या का?"

"दातच पाहून राहिलो, बाबूजी," अंजू म्हणाली. "पन हसताना."

तिने पहिला फोटो दाखवला. मागे पांढरा पडदा, नाक समोर, ओठ मिटलेले.

"हा त आधार कार्डाचा वाटते," मीच म्हणाले.

दुसरा तोच गोरागोरा. मोबाइलने चेहरा गुळगुळीत केलेला. हनुवटीवरचा लहानपणीचा व्रणही गेलेला. "हा आता नाही," नीतू म्हणाली, आणि अंजूने मुकाट पुढे सरकवला.

तिसरा कोणाच्या तरी लग्नातला. हसू बरं होतं, पण पाच बायकांतून हिला कापून काढल्याने चेहरा धूसर झालेला आणि मागे एक माणूस तोंड उघडून भात खात होता.

"पयला फोटो अंगठ्याएवढाच दिसते, मावशी. त्यात चेहरा मोठा पाहिजे, मागं गर्दी नको, उजेड तोंडावर पाहिजे, आनं फोटो आताचा पाहिजे," असं सांगता सांगता अंजूचं बोट थांबलं. "आनं हे हसू! दीदी, हे पाय. हा लावू."

धबधब्यावरचा फोटो. अंजूने त्यातला नीतूचा अर्धाच ठेवला होता. मागे हिरवी झाडं, गालावर ऊन आणि तेच हसू. खांद्यावर मात्र चार बोटं होती. मधल्या बोटाचं नख काळं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा फाळका लावताना सापडलं होतं ते. त्या दिवशी हळद मीच लावली होती.

"बोटं दिसून राहिली," मी म्हणाले.

"ते त एका सेकंदात जातात." अंजूने बोटांवरून बोट फिरवलं.

गेली. खांद्यावर नुसतं साडीचं कापड उरलं, तिथे कधी कोणी हातच ठेवला नव्हता असं.

अंजूच्या मनात काही वाईट नव्हतं. तिने आपलं काम केलं होतं, आणि मान वर करून आमच्याकडे पाहिलं तेव्हा तिचं तोंड उतरलं. नीतू भिंतीकडे पाहत होती. चौकटीच्या कडेला संपलेल्या त्या हाताकडे.

"वापस आन," नीतू म्हणाली.

"दीदी, मी..."

"वापस आन, अंजू."

बोटं परत आली. नीतूने मोबाइल घेतला आणि पदराने काच पुसली.

"हसू चांगलं हाय," ती म्हणाली. "पन मी कोनाकडं पाहून हासून राहिली, ते मले मालूम हाय. हे हसू पाहून कोनी आला, त मी त्याले काय दाखवू? ते बाई आता नाही." मग माझ्याकडे वळली. "आई, तुमीच सांगा. तुमी खोटं बोलत नाही. यातला कोनता लावू?"

लाव म्हटलं असतं तर तिने लावला असता. तिचं सुख व्हावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि योगराजचा हात तिच्या खांद्यावरून कोणी पुसू नये असंही वाटत होतं. दोन्ही एकाच छातीत मावत नव्हतं.

"कोनताच नाही," मी म्हणाले. "हा आपल्या घरी राहू दे. तुहा आताचा फोटो मी काढते. सकाळी बोडीच्या पाळीवर." घराजवळच्या तळ्याचा बांध तो.

"तुमी?"

"हाही मीच काढला होता."

ती हळूच म्हणाली, "पन मले हासता नाही आलं त?"

"तुले हास म्हननार नाही. शपथ."

यावर ती रडली. अंजूही रडली. हे दारातून उठून गोठ्याकडे निघून गेले.

रात्री अंजूने मला सगळं समजावलं. काच पुसायची, मोबाइल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरायचा, सूर्य माझ्या पाठीशी ठेवायचा, डोक्यावर थोडी जागा सोडायची.

पण खरी अडचण अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आली. बोडीवर ऊन चांगलं असतं ते सूर्य उगवल्या उगवल्या, आणि तेव्हा माझा दिवा लागलेला नसतो. मुक्या बाईने हिला हसवायचं कसं?

म्हणून मी अंधारातच उठले. अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, आणि फोटोपुढे रोजच्यापेक्षा लवकर दिवा लावला. ज्योत स्थिर झाली तसा चौकटीच्या कडेचा तो हात उजळला. "योगराज, आज मी लवकर बोलनार हावो," असं त्याला सांगितलं. त्या दिवसाचं माझं पहिलं बोलणं तेच झालं.

बाहेर नीतू पाळीवर जाऊन उभी होती. अंगावर दवाखान्यात जायचीच साडी, हनुवटीवरचा व्रण तसाच. आज म्हशीची गोष्ट सांगायची नाही, असं मी ठरवलं. ती त्याची होती. नीतू नवी सून होऊन आली, तेव्हा खत म्हणून तिने माझ्या तुळशीला साखरेसकट उरलेला चहा घातला होता आणि आठवडाभर तुळशीला मुंग्यांची रांग होती. ती गोष्ट हिची एकटीची, आज तीच सांगणार होते.

मी पदराच्या टोकाने मोबाइलची काच पुसली, चपला घातल्या आणि पाळीकडे निघाले.