आधी कप्पा, मग खोकं

सुभेदार हे त्यांना घरातच पडलेलं नाव. अर्धं आयुष्य औषधांच्या गोदामात हुकूम सोडण्यात गेलेलं. बायको आजारी पडली तेव्हा नोकरी सोडून त्यांनी तिचं सगळं केलं, हे मात्र मान्य करायला हवं. पण ती बरी झाली आणि हुकूम सोडायला त्यांच्या हाती फक्त स्वयंपाकघर उरलं. मिठाचा डबा कुठे ठेवावा यावरून परवा तिने अक्षरशः हात जोडले. "अहो, आता एकदाचे कुठेतरी कामाला लागा. नाहीतर मी पुन्हा अंथरूण धरेन."

आधीच्या दोन मुलाखती वाया गेल्या होत्या. दोन्हीकडे कालच्या पोरांनी एकच विचारलं, "स्कॅनर वगैरे जमेल ना, काका?" सुभेदारांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांना साधं खोकं धड उचलता येत नाही, ते यांना जमेल का विचारणार!

मग ते हट्टाने शिकले. लेक अशाच एका गोदामात नोकरीला, म्हणून सुरुवात तिच्याकडून केली. तिसऱ्या दिवशी ती उठून गेली, कारण तिचं वाक्य पुरं होऊ देतील तर ते सुभेदार कसले. पुढचं सगळं त्यांनी व्हिडिओ पाहून घोटलं. व्हिडिओ बिचारा रुसत नाही.

तिसरी मुलाखत औषधवितरकाच्या गोदामात होती, काचेच्या खोलीत. व्यवस्थापक चाळिशीचा, थकलेल्या चेहऱ्याचा. त्याने तोच प्रश्न जरा सभ्यपणे विचारला. सुभेदारांचं उत्तर तयार होतं: जुन्या गोदामातला सगळा साठा कागदावरून कॉम्प्युटरवर त्यांनीच आणला, मधली चार वर्षं बायकोच्या आजारपणात गेली, आणि गेल्या दोन महिन्यांत व्हिडिओवरून नवा अभ्यासक्रम पुरा केलाय. व्यवस्थापकाने मान डोलावली.

"वयाची मला काळजी नाही," तो म्हणाला. "आता आत जाऊन थोडं काम करून दाखवा. पाळीप्रमुख तुम्हाला आमची पद्धत सांगतील."

पाळीप्रमुख म्हणजे त्यांच्या लेकीच्या वयाची मुलगी निघाली, पायात सुरक्षेचे जाड बूट, कमरेला स्कॅनर. सुभेदारांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मनात म्हटलं, आता हीच बाकी राहिली होती.

तिने कमरेचा स्कॅनर काढून हातात घेतला. "सर, आमच्याकडे स्कॅन करताना आधी..."

"येतं मला," सुभेदार म्हणाले आणि स्कॅनर तिच्या हातातून घेतला. पडद्यावर कप्प्याचा क्रमांक आला होता. सुभेदारांनी ऐटीत खोकं स्कॅन केलं. स्कॅनर केकाटला आणि पडदा लाल झाला.

"आधी कप्पा, सर. मग खोकं. आपण बरोबर कप्प्यापाशी उभे आहोत का, हे त्याला आधी कळावं लागतं. शेजारच्या कप्प्यात तेच औषध असतं, पण नंतरच्या मुदतीचं. आधी संपणारं आधी बाहेर जायला हवं."

"मुदतीचं मला शिकवतेस? आधी खोकंच असतं, सगळीकडे. तुमची मांडणीच चुकलीय." मग त्यांनी कप्पा, खोकं, नग असं पटापट स्कॅन केलं. एकही चूक नाही. वर तिला रांगा कशा लावाव्यात यावर लांबलचक व्याख्यान दिलं. ती निमूटपणे ऐकत राहिली. सुभेदारांना वाटलं, पोरगी गार झाली.

काचेच्या खोलीत व्यवस्थापकाने विचारलं, "काय नवीन कळलं आमच्याकडचं?"

"नवीन काय असणार? सगळं येतच होतं," सुभेदार छाती काढून म्हणाले.

व्यवस्थापकाने दाराशी उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. तिने हलकेच मान हलवली, नाही म्हणून.

सोडायला फाटकापर्यंत तीच आली. सुभेदारांनी पाहुण्याचं कार्ड परत दिलं आणि उपकार केल्यासारखं विचारलं, "काय, जमलं ना आम्हा म्हाताऱ्यांना?"

"मशीन उत्तम जमतं, सर," ती म्हणाली. "पण तुम्ही माझ्याच पाळीत येणार होतात. रोज काही ना काही बदलतं आणि ते मलाच सांगावं लागतं. तुम्हाला ते ऐकून घेणं जमणार नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सुभेदारांना बरं वाटलं असतं, चार शब्द सुनावता आले असते.

घरी बायकोने पाणी दिलं. "काय म्हणाले?"

"तरुण माणूस हवाय त्यांना. वय नडलं."

लेक नुकतीच कामावरून आली होती, बूट काढत होती. तसेच जाड बूट. "परीक्षा कोणी घेतली, बाबा?"

"होती एक पोरगी."

"बोलू दिलंत तिला?"

सुभेदारांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तो कधीच रिकामा झाला होता तरी खाली ठेवला नाही. बायको स्वयंपाकघरात गेली. तिने मिठाचा डबा उचलला आणि आपल्याला हवा तिथे ठेवला.