चौथा लिलाव

“आई, हे नक्की तूच लिहिलंस ना? लिलाव चारदा आलाय!” आईला असं विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून अक्षयाने विचारलंच.

नाटे बंदरातल्या मासळीवाल्या बायांवरचं आईच्या प्रबंधातलं हे प्रकरण सोमवारपर्यंत निम्मं करायचं होतं. अक्षयाने समासात प्रत्येक परिच्छेदाचं सार एका वाक्यात लिहिलं आणि जिथे सार सारखं, तिथे एकच परिच्छेद ठेवून बाकीचे खोडले.

आईने संशयाने नुसती ती वाक्यं वाचली. “बाया भाव ठरवतात, तरी मच्छीमार सोसायटीत त्यांना मत नाही. का नाही, ते कुठे गिळलंस गो?”

कारण खोडलेल्या चौथ्या लिलावाच्या शेवटी सापडलं: होडी नवऱ्याच्या नावावर, म्हणून सभासदही तोच. अक्षयाने तेवढं वाक्य उरलेल्या लिलावाला जोडलं.

“बघा, मुद्दाच कापत होती!” आई शेजारी बसलेल्या बाबांना म्हणाली.

“आई, बाबा, ठरलं,” अक्षया म्हणाली. “खोडणार मीच. पण खोडायच्या आधी प्रत्येक परिच्छेद आईला पूर्ण वाचून दाखवणार.”